ब्रेकअपला सात आठवडे झाले, ॲपवर मॅच मिळालीय, आता काय सांगायचं?

तिसरं_गेट
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा लिहितो. वय २९, बेळगावात टिळकवाडीत राहतो, नोकरी उद्यमबागला. चार वर्षांचं नातं होतं, सात आठवड्यांपूर्वी संपलं. भांडण वगैरे काही नाही, एक्सच्या घरी दुसरीकडे ठरवलं आणि एक्सनं हो म्हटलं, एवढंच. तिसऱ्या आठवड्यात मैत्रमंडळींनी बळंच ॲप टाकायला लावलं. तिघांशी बोलणं चालू आहे, त्यातली एक मॅच कोल्हापूरची आहे आणि बोलायला खरंच बरं वाटतं. परवा तिकडून साधा प्रश्न आला, "तू कधीपासून सिंगल?" मी चारदा टाईप केलं, चारदा पुसलं, शेवटी एक हसरा चेहरा टाकून झोपलो. येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी भेटायचं चाललंय.

प्रश्न दोन. मी तयार आहे का नाही हे मला स्वतःला कळणार कसं? आणि समोरच्याला किती सांगायचं, कधी सांगायचं? ज्ञान चालेल, पण अनुभव असेल तर जास्त चालेल.

रिकामटेकडा
हसरा चेहरा टाकून झोपलास म्हणजे तिला उत्तर मिळालं बे.

गणित_सर
नियम सोपा आहे. नातं जितकं, त्याच्या निम्मा काळ थांबायचं. चार वर्षं म्हणजे दोन वर्षं. त्याआधी जे काही कराल ते मलमपट्टी.

चोर्ला_घाट
सर, या हिशेबानं माझी बायको आजपण माझी वाट बघत बसली असती. माझं आधीचं प्रकरण सहा वर्षांचं. तुटल्यावर तिसऱ्या आठवड्यात पणजीला एका मित्राच्या घरी हिची भेट झाली, पहिल्याच संध्याकाळी सगळं सांगून टाकलं, रडलोपण थोडा. आता लग्नाला सात वर्षं झाली. रिबाउंड रिबाउंड म्हणून उगं बदनाम करून ठेवलंय लोकांनी. त्यावर अभ्यासपण झालेत म्हणे, लवकर नवीन जोडीदार मिळालेले लोक जास्त सुखात असतात.

शहापूरचे_दादा
बाळ, २९ वय झालं. ॲप-बिप सोड आणि घरच्यांना सांग, बायोडाटा काढ. चांगल्या मुली आहेत आपल्यात. लग्न झालं की जुनं सगळं विसरतं.

रिकामटेकडा
दादा आले, बायोडाटा आला. आता फक्त कुंदा यायचा राहिला.

बोगारवेस
भावा, मी मुलगा म्हणून मुलाला सांगतो. मुलींना रडकी पोरं आवडत नाहीत. "वर्ष झालं सिंगल आहे" म्हणून सांग आणि विषय बदल. तिला कुठं कळणार हाय? बाकी दोघींशीपण बोलणं चालू ठेव, एक गेली तर एक राहते.

तिसरं_गेट
अहो मी मुलगी आहे 😄 आणि तिघेही मुलगे आहेत.

बोगारवेस
आँ? मग "वाचत होतो", "झोपलो" काय लिहिलंय?

तिसरं_गेट
आमच्या घरात आजीपासून सगळ्या बायका "मी जातो, मी येतो"च म्हणतात. तुम्ही बोगारवेसमध्ये राहून हे विचारताय? पुण्याच्या एका मॅचनं याच कारणावरून मला अनमॅच केलं, त्याला वाटलं कुणीतरी पोरगा फेक प्रोफाईल चालवतोय. कोल्हापूरचा आहे त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही, त्याची आईपण तसंच बोलते म्हणाला. निम्मे मार्क तिथंच दिले मी त्याला.

रिकामटेकडा
म्हणजे सीमाभागाच्या पोरींनी कृष्णेच्या पलीकडं मॅच बघूच नये.

निपाणी_नाका
मी दुसऱ्या बाजूचा अनुभव सांगतो. मी रिबाउंड होतो. मला माहीत नव्हतं तेव्हा.

तिनं मला सांगितलेलं, दीड वर्ष झालं, सगळं संपलंय. पाच महिने चाललं आमचं. छान होती, हसायची, फिरायची, पण शनिवारी संध्याकाळी गप्प व्हायची, फोन उचलायची नाही, विचारलं की डोकं दुखतंय. मी आपला गोळ्या घेऊन घराखाली उभा. मग एकदा तिच्या मावसभावाच्या बारशाला माझाच एक दोस्त भेटला आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून निघालं की तिचं पहिलं प्रकरण मी भेटायच्या पंधरा दिवस आधी तुटलेलं. शनिवारी ते दोघं नेहमी भेटायचे, म्हणून शनिवार. मला राग पंधरा दिवसांचा आला नाही. आला तो याचा, की मी पाच महिने माझं काय चुकतंय ते शोधत बसलो होतो. सांगितलं असतं तर शनिवारी मी गप्प बसलो असतो शेजारी, एवढंच. बोगारवेस, "कुठं कळणार हाय" म्हणताय, निपाणी ते बेळगाव सगळे एकमेकांचे पाहुणे आहेत. कळतंय.

ओसरी
निपाणी_नाका, तुमचं वाचून दोन मिनिटं थांबले.

मी हुबळी-धारवाडकडं बरीच वर्षं समुपदेशनाचं काम केलं, त्यातून जे बघितलं ते सांगते. आधी त्या अभ्यासाचं. चोर्ला_घाट म्हणतात ते अर्धं बरोबर आहे. २०१५ साली ब्रमबॉ आणि फ्रेली या दोघांचं संशोधन आलं, त्यात नवीन नात्यात गेलेल्यांना स्वतःबद्दल बरं वाटत होतं, जुन्या माणसाचा विषय मनात जास्त मिटलेला होता, आणि जे लवकर गेले त्यांचीही अवस्था वाईट नव्हती. पण मेख अशी आहे की जो आधीच सावरलेला असतो तोच लवकर बाहेर पडत असेल, त्यामुळं लवकर गेल्यानं सावरला का सावरला म्हणून लवकर गेला हे त्यातून पक्कं सांगता येत नाही. घटस्फोटानंतर लवकर दुसरं लग्न केलेल्यांची लग्नं जास्त मोडतात का हे वुल्फिंगर यांनी २००७ मध्ये तपासलं होतं, तर तसं दिसलं नाही. त्यामुळं सर, तुमच्या निम्म्या काळाच्या नियमाला मला तरी कुठं आधार सापडलेला नाही. त्यात खरं एवढंच की काही लोकांना वेळ लागतो. कुणाचं नातं तुटायच्या आधी वर्षभर आतून संपलेलं असतं, ते सात आठवड्यांत मोकळे असतात. तिसरं_गेट, तुझ्या बाबतीत तसं दिसत नाही. तुझं नातं शेवटच्या दिवसापर्यंत चालू होतं आणि निर्णय तुझा नव्हता.

म्हणून महिने मोजण्यापेक्षा एक काम कर. फोनमध्ये एक नोट उघड. पुढचे सात दिवस ॲप उघडायच्या आधी, उघडल्यावर नव्हे, एक ओळ लिही: मागच्या तासाभरात काय झालं. बास. काही निष्कर्ष काढू नको, आठव्या दिवशी एकदम वाच.

गणित_सर
आधार नसेल, पण माझ्या बाबतीत बरोबर दोन वर्षं लागली. नातं चार वर्षांचंच होतं.

ओसरी
सर, तुमचं खरं आहे. ते तुमचं माप.

वडगाव_ताई
मला एक वेगळी भीती वाटते ती सांगते. बाईमाणसानं "माझं नुकतंच तुटलंय" म्हटलं की काही पुरुषांचे कान टवकारतात. माझ्या बहिणीच्या बाबतीत झालं. त्यानं अगदी सहानुभूतीनं सगळं विचारून घेतलं, तो कसा होता, काय बोलायचा, कशावरून भांडायचे. चौथ्या दिवशी "तो तुझ्या लायकीचाच नव्हता, मी आहे ना", आठव्या दिवशी रात्री एकला फोन, पंधराव्या दिवशी "एवढं ऐकून घेतलं मी तुझं, आता तू भेटायला पण नाही म्हणतेस?" म्हणजे ऐकून घेतल्याचं बिल लावलं त्यानं. त्यामुळं सांगायचंच असेल तर किती ते बघून सांग बाई. तारीख सांग, कहाणी नको.

चोर्ला_घाट
हे मात्र पटलं. मी पहिल्या दिवशी रडलो ते ती भली होती म्हणून खपलं.

बोगारवेस
मुलगी आहे म्हटल्यावर माझा सल्ला बदलतो.

रिकामटेकडा
तुझा सल्ला बदलतो, खोटं बोलायचं मात्र कायम.

शहापूरचे_दादा
माझं पण बदलतं. चांगली मुलं आहेत आपल्यात.

तिसरं_गेट
दादा 🙏

सगळ्यांचं वाचलं. ओसरी आक्का, नोट सुरू केली आजपासून. मधल्या वेळात त्याला पाठवायला एक मेसेज लिहून ठेवलाय, चौदा ओळींचा झालाय. त्यात एक्सचं आडनाव सोडून सगळं आहे.

ओसरी
चौदा ओळी पाठवू नको. वडगाव ताई म्हणतात तेच, कहाणी नको. समोरच्याला आत्ता तीनच गोष्टींशी मतलब आहे: कधी संपलं, अजून काही धागा शिल्लक आहे का, आणि तू किती वेगानं चालू शकतेस. कसं तुटलं, कुणाची चूक, हे ओळख झाल्यावर. आणि भेटायच्या आधी सांग, पण प्रोफाईलवर लिहू नको. प्रोफाईलवर लिहिलेलं सगळे वाचतात, ते बहिणीच्या प्रकरणातले गृहस्थपण.

निपाणी_नाका
भेटायच्या आधी, हो. भेट झाल्यावर सांगितलं की माणूस अडकलेला असतो, मग तो "ठीक आहे" म्हणतो पण ते खरं ठीक नसतं.

खानापूर_लोकल
मी असहमत. टाईप करून कसलं सांगता? तोंडावर सांगायची गोष्ट आहे. माझ्या मॅचनं मला असलाच मेसेज पाठवला होता, मला वाटलं बँकेची नोटीस आली. अटी लागू.

वडगाव_ताई
तोंडावर सांगायला शंभर किलोमीटर जायचं, आणि तो नको म्हणाला तर शंभर किलोमीटर परत यायचं?

रिकामटेकडा
मधोमध भेटा की. संकेश्वर पडतंय. जमलं तर जमलं, नाही जमलं तर मिरची घेऊन घरी.

खानापूर_लोकल
😂 असूदे, पण तरी मी म्हणतो फोन करून सांगावं. आवाज ऐकू येतो.

*(आठ दिवसांनी)*

तिसरं_गेट
नोट वाचली. मंडळी, मी थोडा हादरलोय.

सात दिवसांत ॲप १९ वेळा उघडलं. त्यातल्या ११ वेळा आधीच्या तासात मी एक्सच्या होणाऱ्या बायकोची स्टोरी बघितलेली. एकदा साखरपुड्याच्या साड्या, एकदा मेंदीवालीचे डिझाईन, असं. चार वेळा रात्री साडेअकरानंतर, कारण आम्ही साडेअकराला बोलायचो. उरलेल्या चार वेळा मात्र काहीच झालेलं नव्हतं, ऑफिसात जेवताना किंवा बसमध्ये, आणि त्या चारही वेळा मी फक्त कोल्हापूरवाल्याचंच चॅट उघडलं होतं. बाकी दोघांना मी फक्त रात्री उत्तर देतो. म्हणजे ते दोघं माझ्यासाठी झोपेची गोळी आहेत. त्यातला एक आज मला "गुड मॉर्निंग" लिहून फूल पाठवतोय आणि मला लाज वाटतेय.

ओसरी
लाज वाटली ते बरं झालं, पण अंगाला लावून घेऊ नको. त्या दोघांचं आज थांबव. गायब होऊ नको, दोन ओळी लिही. "माझं नातं नुकतंच संपलंय, तुझ्याशी पुढं जायच्या मनःस्थितीत मी नाही, म्हणून इथं थांबतो." उत्तराची वाट बघू नको.

आणि स्टोरी म्यूट कर. अनफॉलो केलंस तर ते तिकडं कळू शकतं आणि मग त्याचा एक वेगळा विषय होतो, म्यूट कुणाला कळत नाही.

आता एक विचारते, रागवू नको. समज भेटायच्या रविवारी सकाळी तू तयार होऊन बसस्टँडला निघालीस आणि एक्सचा मेसेज आला, "एकदा भेटायचं आहे, अर्धा तास." तू कुठल्या बसमध्ये बसशील?

चोर्ला_घाट
आक्का हा प्रश्न मला त्या वेळी विचारला असता तर मी बायकोला भेटलोच नसतो.

ओसरी
हो. म्हणून तो परीक्षेचा प्रश्न नाही. उत्तर "एक्सकडं" आलं म्हणून डेटिंग बंद असं मी म्हणत नाही. पण ते उत्तर समोरच्याला दिलेल्या शब्दात उतरायला पाहिजे.

तिसरं_गेट
कालपासून उत्तर देत नव्हतो कारण खरं उत्तर लिहायला जड जातंय. मेसेज आलाय. खरंच आलाय, तीन आठवड्यांपूर्वी. "कशी आहेस, एकदा बोलूया का." मी उत्तर दिलेलं नाही. पण पुसलापण नाही. आणि माझ्या चौदा ओळींत मी लिहिलं होतं, "आमचा आता काही संपर्क नाही."

निपाणी_नाका
तेच ते. शनिवार.

बोगारवेस
उत्तर नाही दिलं म्हणजे संपर्क नाहीच की. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे.

वडगाव_ताई
तुम्ही वकील आहात का हो?

बोगारवेस
भाऊ वकील आहे.

गणित_सर
मी पुन्हा म्हणतो, थांबावं. एवढं सगळं तिच्या मनात चाललेलं असताना कोल्हापूरच्या पोरानं का म्हणून रविवार घालवावा? त्याची बाजू कुणी मांडत नाहीये इथं.

ओसरी
सर, या वेळी तुमच्याशी निम्मी सहमत. फक्त त्याचा रविवार घालवायचा का नाही हे आपण सगळ्यांनी मिळून कशाला ठरवायचं? त्याला माहिती दिली की तोच ठरवेल. दोन आठवडे मागं ढकलायचं असेल तर तेही ढकल पोरी, कुणी बस सोडत नाही.

तिसरं_गेट
हे लिहिलंय. बघा.

"रविवारच्या आधी एक सांगतो. तू विचारलं होतंस कधीपासून सिंगल, मी टाळलं. चार वर्षांचं नातं होतं, दोन महिन्यांपूर्वी संपलं. त्याचं लग्न ठरलंय. तीन आठवड्यांपूर्वी त्याचा एक मेसेज आलाय, मी उत्तर दिलेलं नाही आणि देणार नाही असं ठरवतोय, पण त्यानं अजून त्रास होतो. तुझ्याशी बोलायला मला दिवसा आवडतं. मला हळू जायचंय. तुला हे नको असेल तर सांग, मी रागावणार नाही."

ओसरी
"दिवसा आवडतं" हे त्याला कळणार नाही, पण काढू नको, छान आहे. "हळू" मात्र उघडून सांग. त्याच्यासाठी हळू म्हणजे दोन दिवसांनी हात धरणं असू शकतं. तुझं हळू म्हणजे काय?

तिसरं_गेट
पंधरा दिवसांतून एकदा भेटायचं. रात्री अकरानंतर फोन नाही. दिवाळीपर्यंत घरी सांगायचं नाही, लग्नाचा विषय नाही.

ओसरी
मग असंच लिही. आणि "मी रागावणार नाही" काढ. ते त्याच्या डोक्यात नव्हतं, आता येईल.

खानापूर_लोकल
अटी लागू 😄 पण बरं झालंय. माझ्या मॅचनं असलं लिहिलं असतं तर मी बँकेची नोटीस म्हटलं नसतं.

शहापूरचे_दादा
दिवाळीनंतर चालेल का बायोडाटा?

*(पाच दिवसांनी)*

तिसरं_गेट
अपडेट. मेसेज पाठवला गुरुवारी दुपारी. निळ्या खुणा लगेच आल्या आणि मग दोन दिवस काही नाही. त्या दोन दिवसांत मी तीनदा एक्सचं चॅट उघडलं, हेपण सांगतो कारण इथं खरंच बोलायचं ठरलंय. शनिवारी सकाळी कोल्हापूरवाल्याचा फोन आला. म्हणाला, वाचून जरा बसलं डोक्यात, कारण त्याच्या आधीच्या वेळी त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं, "तो मेसेज पुसणार आहेस का?" मी म्हटलं, "माहीत नाही." तो म्हणाला, "बरं. माहीत झालं की सांग." रविवार पुढं ढकलला, तीन आठवड्यांनी भेटायचं ठरलंय, तोपर्यंत बोलणं दिवसाच.

बाकी दोघांना लिहिलं. एकानं "ऑल द बेस्ट" दिलं. फूलवाल्यानं शिव्या दिल्या.

वडगाव_ताई
शिव्या दिल्या म्हणजे बिल आलं. ब्लॉक कर.

गणित_सर
तीन आठवडे म्हणजे एकूण तीन महिने होत आले. मी दोन वर्षं म्हटलं होतं. असो.

निपाणी_नाका
"माहीत नाही" हे मला कुणी म्हटलं असतं तर मी थांबलो असतो का नाही, दोन दिवस तोच विचार करतोय. बहुतेक थांबलो नसतो. पण गोळ्या घेऊन उभा तरी राहिलो नसतो.

रिकामटेकडा
भेटायचं कुठं ठरलंय ते सांग आधी.

तिसरं_गेट
संकेश्वर. त्याच्या आईनं दोन किलो मिरची सांगितलीय.